एकाहत्तर वजा अडतीस : शाळाबंदीनंतरची गणिताची भरपाई कशी मोजतात

बंदीचा काळ आणि तुटीचे दोन प्रकार

महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद झाल्या आणि महापालिका हद्दीतील पहिली ते सातवीचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले ते डिसेंबर २०२१ मध्ये. त्यानंतरही जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे ते पुन्हा काही आठवडे बंद राहिले. ठाणे महापालिकेच्या हद्दीतील बाळकुम हे या काळाचे प्रातिनिधिक ठिकाण म्हणता येईल, कारण खाडीकाठचे जुने गाव, त्याला वेढून उभे राहिलेले उंच गृहप्रकल्प आणि ते बांधणाऱ्या मजुरांची वस्ती अशा तिन्ही प्रकारची मुले तेथे एकाच परिसरात राहतात, आणि जून २०२० मध्ये याच भागातील एका मोठ्या इमारतीत हजाराहून अधिक खाटांचे कोविड रुग्णालय सुरू झाले होते. त्या वर्षी जूनमध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात पाऊल न टाकताच दुसरीत गेले आणि दुसरीचे निम्मे वर्ष सरत आल्यावर प्रथमच फळ्यासमोर बसले. मार्च २०२० मध्ये दुसरी संपवत असलेले मूल शाळेत परतले तेव्हा ते चौथीत होते आणि तिसरीचे संपूर्ण वर्ष त्याच्या हातून निसटले होते.

या दोन मुलांची तूट एकाच नावाने ओळखली जात असली, तरी तिचे स्वरूप वेगळे आहे. पहिल्या मुलाला जे शिकवलेच गेले नाही ते त्याला येत नाही. ही राहून गेलेल्या शिक्षणाची तूट होय. दुसऱ्या मुलाला जे येत होते त्यातील काही विसरले गेले. ही विस्मरणाची तूट होय. शासकीय आणि शैक्षणिक लेखनात रूढ झालेल्या ‘अध्ययन ऱ्हास’ या संज्ञेत दोन्ही अर्थ एकत्र येतात. विस्मरणाची तूट किती असू शकते याचा अंदाज अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील सरकारी शाळांमध्ये केलेल्या पाहणीतून आला. दुसरी ते सहावीच्या सोळा हजारांहून अधिक मुलांपैकी सरासरी ८२ टक्के मुलांनी आधीच्या इयत्तेतील किमान एक ठरावीक गणिती क्षमता गमावल्याचे त्या पाहणीत दिसले. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि शाळा बंद होतानाची मुलांची स्थिती बरीचशी शिक्षकांच्या माहितीवरून ठरवलेली होती, या दोन मर्यादा लक्षात घेऊनही एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की बंदीच्या काळात मुले जिथे होती तिथेच थांबली असे नसून अनेक मुले काही पायऱ्या खाली उतरली होती.

भरपाई मोजायची तर हा भेद आधी करावा लागतो, कारण विसरलेली गोष्ट थोड्या उजळणीने परत येते, तर न शिकलेली गोष्ट शिकवण्यासाठी पूर्ण वेळ द्यावा लागतो. विस्मरणाची तूट अधिक असलेल्या वर्गात कोणताही उपक्रम राबवला तरी पहिल्या महिन्यात मोठी प्रगती दिसते, आणि तीच गती पुढे राहील असा चुकीचा समज त्यातून होतो.

पायऱ्यांची शिडी

उपचारात्मक अध्यापन, म्हणजे मागे राहिलेल्या मुलांना त्यांच्या नेमक्या अडचणीनुसार पुन्हा शिकवणे, हे मुलाची इयत्ता बाजूला ठेवून त्याच्या प्रत्यक्ष पातळीपासून सुरू होते. ती पातळी ठरवण्यासाठी भारतात सर्वाधिक वापरले गेलेले साधन ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून चालवलेल्या ‘असर’ पाहणीचे आहे. त्यात अंकगणिताच्या पाच पातळ्या मानल्या जातात : काहीच न येणे, १ ते ९ अंक ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी हातच्याची वजाबाकी करणे आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. चाचणी एकेका मुलाला समोर बसवून घेतली जाते आणि सुरुवात मधूनच, वजाबाकीपासून, होते. मुलाने दोन वजाबाक्या बरोबर सोडवल्या तर त्याला भागाकार दिला जातो. नाही तर त्याला संख्या वाचायला सांगतात आणि पाचपैकी चार बरोबर वाचल्या तर ती पातळी त्याला आली असे धरतात. दोन्ही वजाबाक्या बरोबर याव्यात ही अट योगायोगाने आलेले उत्तर गाळण्यासाठी आहे.

ही शिडी सोपी, स्वस्त आणि पालकांनाही समजणारी आहे, पण तिच्या पायऱ्यांमधील अंतर सारखे नाही. दोन अंकी संख्या ओळखणे आणि हातच्याची वजाबाकी करणे यांच्या मध्ये बिनहातच्याची बेरीज, हातच्याची बेरीज आणि बिनहातच्याची वजाबाकी असे किमान तीन टप्पे लपलेले आहेत. संख्या ओळखणाऱ्या मुलाने दोन महिन्यांत हे तिन्ही टप्पे ओलांडले तरी शिडीवर ते जागचे हललेले दिसत नाही, तर उंबरठ्यावरच असलेले दुसरे मूल आठवड्याभराच्या सरावाने एक पायरी वर चढलेले दिसते. म्हणून गावाची किंवा राज्याची स्थिती सांगायला ही शिडी पुरेशी ठरत असली, तरी एका वर्गाची काही आठवड्यांतील वाटचाल मोजताना मधल्या पायऱ्या जोडाव्याच लागतात.

आणखी एक मर्यादा भूगोलाची आहे. ‘असर’ ही ग्रामीण भागातील घरोघरची पाहणी असल्यामुळे ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत येतात, पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या महापालिकांची क्षेत्रे येत नाहीत. बाळकुमच्या मुलांची तूट किती, याचे उत्तर त्या अहवालात शोधता येत नाही. शहरी शाळांसाठी शाळेतच घेतलेल्या चाचण्यांवर विसंबावे लागते आणि म्हणूनच त्या चाचण्या कशा रचल्या जातात हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो.

एका उदाहरणाची निवड

वजाबाकीची चाचणी म्हणजे कोणतीही मोठी संख्या वर आणि लहान संख्या खाली लिहिणे असा समज असतो. ५२ वजा २७ हे उदाहरण घेतले तर उत्तर २५ येते. ज्या मुलाला हातचा घेणे माहीतच नाही ते एककाच्या घरात वरून खाली की खालून वर याचा विचार न करता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, म्हणून ते ३५ लिहिते. दुसऱ्या मुलाला हातचा घेणे माहीत असते. ते बारातून सात वजा करून पाच लिहिते, पण दशकाच्या घरातून एक दशक कमी झाला हे विसरते आणि पाचातून दोन गेले तीन असे म्हणून तेही ३५ लिहिते. दोघांचे उत्तर एकच आहे आणि दोघांचेही चुकलेले आहे, मात्र पहिल्या मुलाला दशक सुटा करणे मुळापासून शिकवायला हवे, तर दुसऱ्याला केवळ घेतलेल्या दशकाची नोंद ठेवण्याचा सराव हवा. ५२ वजा २७ हे उदाहरण या दोघांत फरक करू शकत नाही.

आता ७१ वजा ३८ हे उदाहरण घ्यावे. बरोबर उत्तर ३३ आहे. हातचा न कळलेले मूल आठातून एक गेले सात, सातातून तीन गेले चार, असे करून ४७ लिहिते. हातचा घेऊन दशक कमी करायला विसरलेले मूल अकरातून आठ गेले तीन, सातातून तीन गेले चार, असे करून ४३ लिहिते. आणि चिन्हाकडे न पाहता बेरीज करणारे मूल १०९ लिहिते. येथे चुकलेले उत्तरच मुलाची अडचण सांगते. फरकाचे कारण अगदी साधे आहे. खालचा एकक वरच्या एककापेक्षा जितक्याने मोठा असतो तितकाच अंक पहिल्या चुकीत मिळतो आणि दहातून तो वजा केल्यावर उरणारा अंक दुसऱ्या चुकीत मिळतो. दोन एककांतील अंतर नेमके पाच असेल तेव्हा हे दोन्ही अंक सारखे येतात. म्हणून निदानात्मक चाचणीत, म्हणजे चूक कोठे आहे हे शोधण्यासाठी घेतलेल्या चाचणीत, पाचच्या अंतराची उदाहरणे टाळावीत हा नियम पाळणे श्रेयस्कर असते.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी, म्हणजे उपक्रमाच्या आरंभी आणि शेवटी घेतलेल्या चाचण्या, यांत तेच उदाहरण पुन्हा दिले तर मुले उत्तर पाठ करून येतात, आणि वेगळे दिले तर ते तितकेच कठीण असावे लागते. ७१ वजा ३८ च्या जागी ९२ वजा ५५ किंवा ८४ वजा २७ चालते, कारण त्यांतही हातचा एकदाच घ्यावा लागतो, वरच्या संख्येत शून्य नाही आणि दोन्ही चुका वेगवेगळी उत्तरे देतात. मात्र ७० वजा ३८ चालत नाही. वरच्या शून्यातून आठ कसे काढायचे हे न कळल्यामुळे, हातचा येत असलेली काही मुलेही तेथे आठच लिहून मोकळी होतात आणि चाचणी नकळत अधिक कठीण होते. पूर्वचाचणीत शून्याची उदाहरणे आणि उत्तरचाचणीत बिनशून्याची उदाहरणे आली, तर मुलांनी काहीही न शिकता वर्गाची प्रगती कागदावर दिसू लागते.

मराठी संख्यानामांची अडचण

वजाबाकीच्या खालची पायरी, म्हणजे दोन अंकी संख्या ओळखणे, ही मराठी माध्यमात वाटते तितकी निरुपद्रवी नाही. ६३ ही संख्या लिहिताना आधी सहा आणि मग तीन लिहिले जातात, पण वाचताना त्रेसष्ट, म्हणजे आधी तीन आणि मग साठ, असे म्हटले जाते. ऐकून लिहिणारे मूल कानावर पडलेल्या क्रमाने ३६ लिहिते. एकोणतीस, एकोणपन्नास या नावांत तर तीस आणि पन्नास ऐकू येतात, प्रत्यक्षात मात्र दशक दोनाचा आणि चाराचा असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनाची जोडपद्धती रूढ नावांबरोबर देण्यात आली, तेव्हा तिच्यावर राज्यभर वाद झाला. त्या बदलामागचे कारण नेमकी हीच अडचण होती आणि गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्याच आधारावर तिचे समर्थन केले होते.

मोजमापाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ६३ ही संख्या वाचता न येणाऱ्या मुलाला संख्या कळत नाही की फक्त तिचे नाव येत नाही, हे एका प्रश्नावरून ठरत नाही. बाळकुमसारख्या वस्तीत घरी हिंदी किंवा अन्य भाषा बोलणारी मुले मराठी शाळेत असतात आणि आजूबाजूच्या मुलांकडून इंग्रजी संख्यानामे ऐकत असतात. बंदीच्या काळात वर्गातील मराठी कानावर पडणे थांबल्यामुळे त्यांची संख्यानामे आधी विसरली गेली असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून चांगली चाचणी तीन गोष्टी वेगळ्या नोंदवते : संख्या पाहून वाचणे, ऐकून लिहिणे आणि काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे व सुट्या काड्या मांडून ती दाखवणे. वाचन मुलाला सोयीच्या भाषेत करू दिले जाते. जे मूल त्रेसष्ट हा शब्द अडखळत म्हणते, पण सहा गठ्ठे आणि तीन काड्या न चुकता मांडते, त्याला स्थानिक किंमत, म्हणजे अंकाच्या जागेनुसार त्याचे बदलणारे मोल, कळलेली असते. त्याला संख्यानामांचा सराव द्यायचा असतो, दशकाचा धडा नव्हे. या तिन्ही गोष्टी एका रकान्यात भरल्या तर भाषेतील प्रगती गणितातील प्रगती म्हणून नोंदली जाते.

सेतू, चाचण्या आणि घरचा मोबाइल

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार केलेला पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम १ जुलै २०२१ पासून राबवला गेला. त्यात आधीच्या इयत्तेतील महत्त्वाच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेच्या अखेरीस मुलाला यायला हव्यात अशा क्षमतांवर, दिवसनिहाय कृतिपत्रिका होत्या आणि ठरावीक दिवसांनी एक अशा तीन चाचण्या होत्या. पुढील वर्षी शाळा प्रत्यक्ष सुरू असताना तो पुनर्रचित रूपात, तीस दिवसांचा आणि पूर्वचाचणी व उत्तरचाचणीसह, पुन्हा घेण्यात आला. २०२१ चा सेतू शहरी प्राथमिक शाळा अजून बंद असताना झाल्यामुळे त्याच्या चाचण्या मुलांनी बहुधा घरी, मोबाइलवर आलेली प्रश्नपत्रिका वहीत उतरवून सोडवल्या. अशा उत्तरपत्रिकेत मुलाचे ज्ञान किती आणि शेजारी बसलेल्या ताईची मदत किती हे वेगळे करता येत नाही, आणि ज्या घरात मोबाइल दिवसभर वडिलांबरोबर कामावर जात होता त्या घरातील मुलाची उत्तरपत्रिकाच आली नाही. त्यामुळे त्या चाचण्यांचा उपयोग शिकवण्याची दिशा ठरवण्यास झाला, तरी शाळा उघडल्यानंतरच्या भरपाईसाठी आरंभबिंदू म्हणून त्या घेता येत नाहीत.

चाळीस मुलांचा एक कल्पित वर्ग

वर्गात भरपाई कशी मोजली जाते हे पाहण्यासाठी महापालिका शाळेतील चौथीचा चाळीस मुलांचा एक कल्पित वर्ग घेता येईल. पुढील सर्व आकडे केवळ रीत स्पष्ट करण्यासाठी मांडलेले आहेत. जूनमधील पूर्वचाचणीत चाळीसपैकी बारा मुलांना हातच्याची वजाबाकी येते, म्हणजे प्रमाण ३० टक्के आहे. ऑगस्टमध्ये उत्तरचाचणी होते तेव्हा छत्तीस मुले हजर असतात आणि त्यांपैकी वीस मुलांना वजाबाकी येते, म्हणजे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. अहवालात ‘३० वरून ५६’ असे लिहिण्याचा मोह येथे होतो.

पहिली दुरुस्ती गैरहजर चार मुलांची आहे. बांधकाम दुसरीकडे सुरू झाले की मजुरांची कुटुंबे मुलांसह निघून जातात, आणि या कल्पित वर्गातील ती चारही मुले वजाबाकी न येणाऱ्यांपैकी होती. कमकुवत मुले पटावरून नाहीशी झाल्याने उरलेल्या वर्गाची सरासरी आपोआप वाढते. हा वाढीव भाग काढण्यासाठी दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या छत्तीस मुलांचीच तुलना करावी लागते. तसे केल्यावर आरंभीचे प्रमाण छत्तीसपैकी बारा, म्हणजे ३३ टक्के ठरते आणि वाढ सव्वीस अंशांवरून तेवीस अंशांवर येते.

दुसरी दुरुस्ती काळाची आहे. दोन महिन्यांत मुले नेहमीच्या वर्गातही काही शिकतात, आणि पूर्वचाचणीच्या दिवशी तापामुळे किंवा धास्तीमुळे चुकलेले मूल पुढच्या वेळी कोणत्याही उपक्रमाशिवाय बरे गुण मिळवते. म्हणून त्याच प्रकारच्या पण उपक्रम न राबवलेल्या वर्गाशी तुलना केली जाते. असा वर्ग तुलनागट म्हणून ओळखला जातो. तुलनागटातील छत्तीसपैकी वजाबाकी येणारी मुले बारावरून पंधरा झाली असे समजल्यास, तीन मुलांची वाढ उपक्रमाविना झाली असे मानावे लागते आणि उपक्रमाच्या खात्यावर आठऐवजी पाचच मुले जमा होतात. पाच मुलांचा फरक एका वर्गात निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, म्हणून अशा पुष्कळ वर्गांची बेरीज केल्याशिवाय उपक्रम यशस्वी झाला असे म्हणता येत नाही.

तिसरी दुरुस्ती बहुधा विसरली जाते आणि ‘भरपाई’ या शब्दाचा खरा अर्थ तीच सांगते. वर्गाने किती प्रगती केली एवढे सांगून भरपाई कळत नाही. बंदीपूर्वीच्या मुलांपासून तो वर्ग किती मागे होता आणि आता किती मागे आहे हे सांगावे लागते. २०१९ च्या जूनमध्ये याच शाळेतील चौथीच्या ६० टक्के मुलांना ही वजाबाकी येत होती असे मानले, तर आरंभीचे अंतर साठ उणे तेहेतीस, म्हणजे सत्तावीस अंशांचे होते. ऑगस्टमधील छप्पन्न टक्क्यांची तुलना मात्र जूनच्या साठशी करता येत नाही, कारण २०१९ ची मुलेही जून ते ऑगस्ट शिकतच होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे प्रमाण ६५ टक्के झाले होते असे धरल्यास अंतर आता नऊ अंशांचे उरते. सत्तावीसपैकी अठरा अंश भरून निघाले, म्हणजे दोन तृतीयांश भरपाई झाली. जूनच्या साठशीच तुलना केली असती तर अंतर चारच अंशांचे दिसले असते आणि भरपाई जवळजवळ पूर्ण झाल्याचे जाहीर झाले असते. गाठायचे ठिकाण स्वतः पुढे सरकत असते, ही गोष्ट हिशेबात घेतली नाही की भरपाई नेहमीच फुगलेली दिसते.

तामिळनाडूचे मोजमाप आणि देशाचे आकडे

हीच रीत प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर वापरण्याची संधी तामिळनाडूत मिळाली, कारण अभिजित सिंग, मौरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन या अर्थशास्त्रज्ञांकडे २०१९ मध्ये ग्रामीण तामिळनाडूतील सुमारे १९ हजार लहान मुलांच्या घरी जाऊन घेतलेल्या चाचण्यांचे निकाल उपलब्ध होते. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी पुन्हा चाचण्या घेतल्या आणि २०१९ मध्ये त्याच वयाची असलेली मुले कोठे होती याच्याशी तुलना केली. गणितातील तूट ०.७३ प्रमाण विचलनाइतकी आणि भाषेतील ०.३४ इतकी निघाली. प्रमाण विचलन हे मुलांचे गुण सरासरीपासून साधारणतः किती विखुरलेले आहेत याचे माप आहे. सोप्या शब्दांत, शंभर मुलांना गुणांनुसार रांगेत उभे केले तर २०२१ मधील मध्यावरचे मूल २०१९ च्या रांगेत खालून सुमारे तेविसाव्या जागी उभे राहिले असते. शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत या तुटीपैकी सुमारे दोन तृतीयांश भरून निघाली, आणि त्या भरपाईतील २४ टक्के वाटा ‘इल्लम तेडी कल्वी’ या सरकारी उपक्रमाचा, म्हणजे शाळा सुटल्यावर स्वयंसेवकांनी वस्तीत चालवलेल्या वर्गांचा, होता. उरलेली बहुतेक भरपाई शाळा नियमित सुरू होण्यानेच झाली. तुलना नसती तर ती सगळी स्वयंसेवी वर्गांच्या नावावर जमा झाली असती.

याच पार्श्वभूमीवर ‘असर’चे देशपातळीवरील आकडे वाचावे लागतात. ग्रामीण भारतात तिसरीतील किमान वजाबाकी येणारी मुले २०१८ मध्ये २८.२ टक्के होती, २०२२ मध्ये ती २५.९ टक्के झाली आणि २०२४ मध्ये ३३.७ टक्क्यांवर गेली. २०१८ ते २०२२ मधील घट अवघी सव्वादोन अंशांची दिसते, पण २०२२ ची पाहणी बहुतेक राज्यांत शाळा उघडून अनेक महिने लोटल्यावर झाली होती आणि तोवर बरीच भरपाई होऊन गेली होती. तूट केव्हा मोजली हे सांगितले नाही तर तूट किती होती हे सांगण्याला अर्थ उरत नाही.

टिकलेली भरपाई

शेवटचा प्रश्न भरपाई टिकते का, हा आहे आणि त्याचे उत्तर ठाण्याच्या शेजारीच, मुंबईत, करोनाच्या पुष्कळ आधी मिळाले होते. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ने ‘बालसखी’ उपक्रम चालवला. वस्तीतील एक तरुणी वर्गातील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन मूलभूत वाचन व गणित शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांची तुलना केली तेव्हा दुसऱ्या वर्षी सरासरी गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ आढळली. उपक्रम संपून एक वर्ष झाल्यावर पुन्हा मोजले तेव्हा ती साधारण ०.१० इतकी उरली होती. यावरून असा निष्कर्ष निघतो की, वर्ग संपताच घेतलेली उत्तरचाचणी कमावलेले ज्ञान दाखवते, टिकलेले नव्हे. हातच्याची वजाबाकी रोजच्या वर्गात पुढे वापरली गेली नाही, चौथीच्या पुस्तकातील उदाहरणे ती येते असे गृहीत धरून पुढे निघून गेली, की ४३ आणि ४७ ही उत्तरे पुन्हा दिसू लागतात.

त्यामुळे भरपाईचा अहवाल विश्वासार्ह आहे की नाही हे वाचकाला चार गोष्टींवरून ठरवता येते : चाचणी कोणत्या महिन्यात झाली, आरंभीच्या मुलांपैकी किती मुले शेवटच्या चाचणीला होती, तुलना बंदीपूर्वीच्या कोणत्या तुकडीच्या कोणत्या महिन्याशी केली, आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, वर्गशिक्षकाऐवजी दुसऱ्या कोणी फेरचाचणी घेतली का. यांपैकी एकाचेही उत्तर नसलेली टक्केवारी प्रगती सांगत असेल, पण भरपाई सांगत नाही. जून २०२० मध्ये घरीच राहून पहिलीत दाखल झालेली तुकडी मार्च २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसेल, आणि तिने ७१ वजा ३८ चे उत्तर कायमचे कमावले की नाही हे मोजायला तोपर्यंतच वेळ आहे.